टेबल फॅन: मंद वारा, अडलेली मान आणि मुकं बटण

(दृश्य: कामाच्या टेबलावर १६ इंची, म्हणजे ४०० मिलिमीटरचा टेबल फॅन. पिन काढलेली.)

या फॅनच्या तक्रारी तीन आहेत. तीन नंबरवरही वारा मंद लागतो, मान वळत नाही आणि दोन नंबरचं बटण दाबलं की फॅन बंद पडतो. दुकानात असा फॅन आला की बरेचदा आधी कंडेन्सर बदलला जातो, मग स्विच. दोन्ही चांगले असले तरी. म्हणून आज स्क्रू ड्रायव्हर थोडा वेळ बाजूला ठेवू आणि आधी मल्टिमीटर घेऊ.

मीटर ओहमवर ठेवायचा आणि त्याच्या दोन्ही तारा फॅनच्या पिनच्या फेज आणि न्यूट्रलच्या दांड्यांना लावायच्या. पिन भिंतीतल्या सॉकेटमध्ये नाही, हातात आहे. आता एकेक बटण दाबू. एक नंबरला काहीशे ओहम दिसतात, तीन नंबरला त्याहून कमी, कारण वेग वाढतो तसे वाइंडिंगचे वेढे कमी होतात. दोन नंबरला मीटर काहीच दाखवत नाही. म्हणजे वाट कुठेतरी तुटली आहे. ती स्विचमध्येच तुटली असेल असं मात्र नाही.

(दृश्य: दोन नंबर दाबलेला. हाताने फॅनची मान सावकाश डावीकडे, मग उजवीकडे.)

बटण दाबलेलं ठेवून मान हाताने हळूहळू वळवा. डावीकडच्या टोकाशी आकडा उमटला आणि पुन्हा गेला. इथे दोष सापडला. तळातल्या स्विचकडून मोटरकडे जाणाऱ्या वायरी मानेतून जातात आणि फॅन फिरत असताना प्रत्येक फेरीला वाकतात. काही वर्षांनी एखादीचं तांबं आतून तुटतं. वरचं प्लास्टिक मात्र शाबूत राहतं, त्यामुळे नुसतं बघून कळत नाही. मान वळवूनही आकडा आला नसता, तर तळाचं झाकण उघडून स्विचचं येणारं टोक आणि दोन नंबरचं टोक यांच्यामध्ये मीटर लावला असता. तिथे बटण दाबूनही शून्याच्या जवळ वाचन आलं नाही, तर स्विच गेला. काळा पडलेला किंवा वितळलेला स्विच घासत बसू नका, बदला. वायरी काढण्याआधी त्यांचा फोटो तेवढा काढून ठेवा.

मानेतली वायर बदलताना आपल्याकडे एक घाई होते. तुटलेल्या जागी जोड मारून टेप गुंडाळला जातो. तोच भाग रोज वाकणार असतो, जोड लवकरच पुन्हा तुटतो आणि लोखंडी मानेत टेप घासला तर बॉडीला करंट येतो. नवी वायर अनेक बारीक तारांची, लवचिक घ्यायची. जोड मानेत येऊ द्यायचा नाही. मान दोन्ही टोकांना वळवून पाहायचं आणि ताण येणार नाही इतकी ढील सोडायची.

आता मान का अडली ते पाहू. मोटरच्या मागे गिअरची डबी असते. शाफ्टच्या मागच्या टोकाला आटे कापलेले असतात, ते नायलॉनची चाकी फिरवतात. तिथून खालच्या चकतीला फेरा मिळतो, आणि चकतीला लावलेली छोटी पट्टी मान ढकलते. पट्टीचा स्क्रू काढा आणि मान हाताने वळवा. इथे ती कुरकुरत, जोर लावल्यावर वळते आहे. ही खूण लक्षात ठेवा. मान घट्ट असताना चाकीचे दात झिजतात, आणि मान सैल न करता नवी चाकी घातली तर तीही तशीच जाते. मानेच्या खुंटीवरचं गंजाचं मळ काढून थोडं ग्रीस लावलं की काम होतं.

(दृश्य: गिअर डबीचं झाकण उघडलेलं. चाकीचे दात बोथट झालेले.)

डबीतलं जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं आहे, चाकीच्या मधल्या दातांची धार गेली आहे. नवी चाकी आणताना जुनी सोबत न्या. दातांची संख्या, बाहेरचा व्यास आणि मधलं भोक, तिन्ही जुळायला हवं. दातांवर ग्रीस पुरेल इतकंच लावा. डबी गच्च भरली तर गरम झालेलं ग्रीस पाझरून वाइंडिंगवर जातं. सगळं जुळवूनही मान वळली नाही, तर वरची मूठ दाबून पाहा. वर ओढली की मान थांबते, खाली दाबली की वळते, आणि आतला स्प्रिंग ढिला पडला असेल तर ती दाबूनही पकड घेत नाही.

राहिला मंद वेग. पाती काढून घ्या. पात्यांसमोरचा प्लास्टिकचा नट उलट्या आट्याचा असतो, तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की सुटतो. जोर लावून नेहमीसारखा फिरवणारे तो तोडून बसतात. आता शाफ्ट बोटाने फिरवून सोडा. तो स्वतःहून दोन-चार फेरे घ्यायला हवा. हा अर्ध्या फेऱ्यातच थांबतो, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो तो बुश सुकला आहे. घरोघरी इथे खोबरेल घातलं जातं. काही महिन्यांनी ते चिकट होतं आणि पहिल्यापेक्षा जास्त अडवतं.

बुशपर्यंत पोचताना आधी गिअरची चाकी काढायची, मगच रोटर, नाहीतर शाफ्टचे आटे नव्या दातांनाही खरवडतील. शाफ्टवरचा काळा थर रॉकेल लावलेल्या कपड्याने पुसा, रॉकेल वाइंडिंगवर जाऊ देऊ नका. बुशभोवती नमद्याचं कडं असतं, तेल तेच धरून ठेवतं. त्यावर शिलाई मशीनचं तेल, दोन्ही बुशांना प्रत्येकी चार-पाच थेंब. शाफ्टवरच्या पातळ चकत्या ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने घाला, त्या राहिल्या तर रोटर पुढे-मागे खटखट करतो.

उघडलेली मोटर पुन्हा जोडताना खरी गंमत असते. चारही स्क्रू आवळले आणि मोकळा शाफ्ट अचानक जाम झाला, असं हमखास होतं. बुश गोलाकार बैठकीत बसलेला असतो आणि स्प्रिंगची पट्टी त्याला धरून ठेवते, तो किंचित तिरका बसला की शाफ्ट अडतो. म्हणून स्क्रू समोरासमोरचे, थोडेथोडे आवळायचे, मध्येच शाफ्ट फिरवायचा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने कडेला हलके ठोके द्यायचे. बुश आपोआप सरळ होतो.

शाफ्ट मोकळा असूनही फॅन घरघरत राहिला, आणि काठीने पात्याला ढकलल्यावर सुरू झाला, तर मग कंडेन्सर. आधी पिन काढा, दोन्ही टोकांना काही सेकंद १० किलोओहमचा रेझिस्टर लावून साठलेली वीज उतरवा, मग मोजा. अंगावर २.५ मायक्रोफॅरड लिहिलेलं असेल आणि मीटर १.८ दाखवत असेल, तर बदला. नवा त्याच आकड्याचा, ४४० व्होल्ट एसीचा. मोठा घातला म्हणून वारा वाढत नाही, वाइंडिंग गरम होतं. आणि संध्याकाळी गावात दिवेही मंद असतील, तर फॅन तपासण्याआधी व्होल्टेज मोजा.

(दृश्य: फॅन चालू. मान दोन्ही बाजूंना वळते.)

सुरू करण्याआधी पिनच्या फेज-न्यूट्रल दांड्या आणि लोखंडी बॉडी यांमध्ये मीटरने पाहा, काहीच वाचन येता कामा नये. मग अर्धा तास चालवा. मोटर कोमट होईल, ते चालतं. हात ठेववत नसेल, वार्निश जळल्याचा वास येत असेल आणि शाफ्ट व कंडेन्सर दोन्ही ठीक असूनही तीनही बटणांवर वेग मंदच असेल, तर वाइंडिंगचे वेढे आपसात शॉर्ट झाले आहेत. तिथे तेल आणि पाना उपयोगाचे नाहीत, रिवाइंडिंगचा दर विचारून नव्या मोटरच्या किमतीशी ताडून पाहा.