27 वेळा कुत्रा

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्यात घोडबंदर रोडला मी राहते त्या संकुलात 412 घरं आहेत. वार्षिक सभेच्या आधी समितीने सगळ्यांना मोबाइलवर एक फॉर्म पाठवला. सुरुवातीला टिकमार्क करायचे प्रश्न आणि सगळ्यात शेवटी एक मोकळी चौकट, 'आणखी काही सांगायचं आहे का?' लोकांना सांगायचं होतंच. त्या चौकटीतला मजकूर छापून काढला तर 14 पानं भरली. आमच्या सेक्रेटरींनी एका रविवारी ती पानं वाचली आणि सभेच्या टिपणाचं पहिलं वाक्य लिहिलं, 'भटक्या कुत्र्यांबद्दल रहिवाशांमध्ये तीव्र नाराजी आहे.'

मी एका बाजारसंशोधन कंपनीत बरीच वर्षं नेमकं हेच काम केलं. लोकांनी आपल्या शब्दांत लिहिलेली उत्तरं वाचायची, प्रत्येकाला विषयाचा कोड द्यायचा आणि मग मोजायचं. म्हणून सेक्रेटरी माझ्याकडे आले. "ताई, टिपण तयार आहे, फक्त एक नजर घाला." ती नजर घालायला माझ्या तीन संध्याकाळी गेल्या.

सेक्रेटरींनी हे वाक्य मनाने रचलं नव्हतं, हे आधी सांगते. पानांवर कुत्र्यांचा उल्लेख 27 वेळा आला होता. त्यांनी पेन्सिलीने खुणा करून ते मोजले होते. चूक मोजण्यात नव्हती, काय मोजलं त्यात होती. मी त्या 27 वाक्यांसमोर घर क्रमांक लिहीत गेले तेव्हा सगळी मिळून सहाच घरं निघाली. एका गृहस्थांनी तर दीड पान लिहिलं होतं आणि त्यात कुत्रा 11 वेळा आला होता. तीन घरांचा मजकूर अक्षरशः एकच होता, टायपिंगच्या चुकांसकट. म्हणजे कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवला आणि बाकीच्यांनी चिकटवला. अशी तीन घरं तीनच धरायची, कारण त्यांनी तो मजकूर आपला म्हणून पाठवला होता. पण तीन वेगवेगळ्या माणसांना स्वतंत्रपणे तेच सुचलं, असं मात्र म्हणायचं नाही. आणि सहावं घर? त्या बाईंनी कुत्र्यांना खायला घालण्यासाठी एक ठरावीक जागा मागितली होती! तीही नाराजीच्या खुणांमध्ये जमा झाली होती.

तेव्हा पाच घरांची तक्रार आणि एका घराची उलट मागणी. लांबलचक आणि चिडून लिहिलेला मजकूर वाचणाऱ्याच्या डोक्यात जास्त जागा घेतो. माझ्याही घेतो, इतक्या वर्षांनी सुद्धा. म्हणून उल्लेख मोजायचे नाहीत, घरं मोजायची. एका घराने एक विषय कितीही वेळा लिहिला तरी त्या विषयापुढे त्या घराची एकच खूण.

आता हे पाच कितीपैकी पाच? इथे भलेभले घसरतात. आमच्याकडे 412 घरांना फॉर्म गेला, 168 घरांनी भरला आणि त्यातल्या 131 घरांनी मोकळ्या चौकटीत काहीतरी लिहिलं. 'छान' आणि 'धन्यवाद' एवढंच लिहिणारे मी आधीच बाजूला काढले होते. टिपणात जो आकडा जाईल तो '131 पैकी' असाच जायला हवा. उरलेल्या 281 घरांचं काय? त्यांना कुत्र्यांचा त्रास नाही, असं म्हणता येत नाही, आणि आहे असंही म्हणता येत नाही. मोकळ्या चौकटीत माणूस त्या क्षणी आठवेल ते लिहितो. एखादा विषय लिहिला नाही, एवढ्यावरून त्याचं मत कळत नाही. त्यात आमच्या फॉर्ममध्ये चौकटीच्या लगेच वरचा प्रश्न पाळीव प्राण्यांच्या नियमांबद्दल होता. तो वाचून खाली आलेल्या माणसाला कुत्रा आठवला, तर नवल नाही. हेही टिपणात एका ओळीत लिहिलं.

मग खरी गर्दी कुठे होती? पाण्यावर. 131 पैकी 52 घरांनी पाण्याबद्दल लिहिलं होतं. घोडबंदरला राहणाऱ्यांना यात काही नवीन वाटणार नाही. सेक्रेटरी म्हणाले, "मग पहिल्या वाक्यात कुत्र्यांच्या जागी पाणी टाकू." मी म्हटलं, थांबा. पाणी हा शब्द आहे, तक्रार नाही. मी 52 प्रतिक्रिया पुन्हा वाचून तीन ढिगांत लावल्या. नळाला जोर नाही, असं 29 घरं म्हणत होती. 17 घरांचा रोख टँकरवर होता, त्याचा खर्च आणि पाण्याचा वास. आणि 11 घरांना पाणी नको तिथे मिळत होतं, म्हणजे पावसाळ्यात पार्किंगमध्ये साचणारं. बेरीज करणाऱ्यांना 57 मिळतील. बरोबर आहे, पाच घरांनी दोन-दोन तक्रारी लिहिल्या होत्या. तिन्ही गोष्टींचे उपाय वेगळे, खर्च वेगळे. त्यांना 'पाणी' या एका मथळ्याखाली कोंबलं, तर मथळा दणदणीत होतो आणि समितीला त्यातून करण्यासारखं काहीच सापडत नाही.

शब्द शोधून मोजायच्या नादालाही लागू नका. आमच्याकडे कुणी मराठीत लिहिलं, कुणी हिंदीत, कुणी रोमन लिपीत. एका आजोबांनी 'बादली भरायला पाऊण तास लागतो' एवढंच लिहिलं. त्यात पाणी हा शब्दच नाही. ती प्रतिक्रिया वाचल्याशिवाय सापडली नसती.

जोर नसल्याच्या 29 घरांकडे पुन्हा या. 131 पैकी 29, म्हणजे पाचांत एक, थोडं वर. ऐकायला बेताचंच वाटतं. पण मी समोर मजला लिहिला. त्यातली 24 घरं 15 व्या मजल्याच्या वरची होती, आणि त्या मजल्यांवरून प्रतिक्रिया लिहिणारी घरं सगळी मिळून 35. म्हणजे वर राहणाऱ्या आणि लिहिणाऱ्या 35 पैकी 24 जणांनी, कुणी न विचारता, हीच एक गोष्ट लिहिली. खालच्या मजल्यांवरच्या 96 घरांतून ती फक्त पाच जणांनी लिहिली. 'रहिवासी पाण्याच्या जोराबद्दल नाराज आहेत' हे वाक्य खालच्यांच्या तोंडी नसलेली तक्रार घालतं. 'काही रहिवासी नाराज आहेत' हे वाक्य वरच्यांची तक्रार पुसून टाकतं. टिपणात दोन्ही आकडे शेजारी शेजारी दिले, तेवढ्याने काम झालं. असे तुकडे पाडताना एक पथ्य मात्र पाळायचं. तुकडा लहान असेल तर टक्के सांगायचे नाहीत. सी विंगमधून आठ जणांनी लिहिलं, त्यातले पाच पार्किंगवर बोलले. 'सी विंगमधले 62 टक्के' असं म्हटलं की आठ माणसांचं वजन एकदम आठशे माणसांइतकं होतं. 'आठांपैकी पाच' म्हणा, ऐकणारा आपोआप योग्य तेवढंच मनावर घेईल.

दुसऱ्या संध्याकाळी मी शेजारच्या निवृत्त शिक्षकांना बसवलं. त्यांना विषयांची यादी दिली, 30 प्रतिक्रिया दिल्या आणि माझे कोड झाकून ठेवले. आमचं 24 ठिकाणी जुळलं, सहा ठिकाणी नाही. त्या सहांतल्या चार प्रतिक्रिया एकाच धाटणीच्या होत्या, 'मेंटेनन्स एवढा घेता, कामं कुठे दिसतात?' मी त्या 'शुल्क जास्त' मध्ये घातल्या, सरांनी 'कामं होत नाहीत' मध्ये. सर म्हणाले, "पैसे द्यायला त्याची ना नाही, हिशेब मागतोय तो." पटलं. मग यादीत त्या कोडपुढे नियम लिहिला की रक्कम कमी करा असं स्पष्ट म्हटलं असेल तरच 'शुल्क जास्त'. त्या नियमाने सगळी 131 घरं परत तपासली. 'शुल्क जास्त' 19 वरून आठवर आलं. विचार करा, वाद झाला नसता तर 'मेंटेनन्स कमी करा, 19 घरांची मागणी' असं आम्ही छापून मोकळे झालो असतो, आणि त्यातल्या 11 घरांनी ते मागितलेलंच नव्हतं.

एक प्रतिक्रिया मात्र मी कुठल्याच ढिगात टाकली नाही. एका घराने एका ओळीत लिहिलं होतं, 'बी विंगच्या रेफ्यूज एरियाच्या दाराला कुलूप असतं.' रेफ्यूज एरिया म्हणजे उंच इमारतीत आग लागली, तर माणसांनी येऊन थांबायची मोकळी जागा. हा मुद्दा 131 पैकी एकाचा. संख्येने पाहिलं तर तळाशी जाईल, किंवा 'सुरक्षेविषयी इतर सूचना' मध्ये विरघळून जाईल. पण हे मत नाहीच, ही खबर आहे. मतं मोजायची असतात, खबर जाऊन बघायची असते. मी त्याच रात्री सेक्रेटरींना फोन केला, आम्ही दोघं वॉचमनला घेऊन वर गेलो. कुलूप होतं. आत गणपतीच्या मांडवाचे बांबू आणि थर्माकोल रचून ठेवला होता. म्हणून टिपणात एक वेगळा भाग केला, 'एकट्यादुकट्याने सांगितलेलं, पण तपासलेलं'. तिथे संख्या लिहिली नाही, काय दिसलं ते लिहिलं.

शेवटी शब्द ठरवले. 'बहुतेक' हा शब्द निम्म्याहून बराच वरचा आकडा असेल तरच. दहाच्या आतल्या घरांसाठी 'अनेक', 'काही', 'बरेच' यातलं काहीच नाही, सरळ आकडा. 'तीव्र' आणि 'संताप' टिपणातून काढले. तीव्रता किती हे आम्ही विचारलंच नव्हतं. नमुन्यादाखल दिलेल्या अवतरणांतही, ज्या विषयावर जास्त घरं बोलली त्याला दोन अवतरणं आणि बाकीच्यांना एक. नाहीतर सगळ्यात चटकदार वाक्य कुत्र्यांवरच्या दीड पानात होतं, आणि ते एकदा छापलं की सभेला दुसरं काही आठवलं नसतं. ते वाक्य न छापण्याचं आणखी एक कारण होतं. त्यात जिन्याचा आणि मुलाच्या क्लासच्या वेळेचा उल्लेख होता. लिहिणारा कोण, हे अख्ख्या विंगने ओळखलं असतं.

टिपण दोन पानांचं झालं. सभेत सेक्रेटरींनी ते वाचलं. संपल्यावर सी विंगमधले एक गृहस्थ उभे राहिले. "कुत्र्यांचा विषय कुठे गेला? सगळ्यांनी लिहिलं होतं!"

"दुसऱ्या पानावर आहे काका," सेक्रेटरी म्हणाले. "पाच घरं तक्रारीची, एक घर उलट बाजूचं."

"पाचच?" काकांनी मागे वळून आपल्या विंगच्या खुर्च्यांकडे पाहिलं. मग बोटं दुमडत मनातल्या मनात काहीतरी मोजलं आणि खाली बसले.