घसा बरा झाला, मग गळा का दुखतो?

श्रोतेहो, नमस्कार.

समजा, बेचाळीस वर्षांची एक बाई आहे. पावसाळ्यात घरातल्या सगळ्यांना सर्दी-खोकला झाला, तसा तिलाही झाला. घसा चार-पाच दिवस दुखला, गुळण्या केल्या, बरं वाटलं. त्यानंतर तीन आठवड्यांनी तिचा गळा पुढच्या बाजूनं, उजवीकडे दुखू लागला. ब्लाउजचं वरचं बटण लावलं तरी कळ येते. उजवा कान ठणकतो, जबडा दुखतो. संध्याकाळी अंगात शंभर-एकशे एक ताप असतो आणि अंग मोडून येतं.

ती डॉक्टरांकडे जाते आणि सांगते, "घसा पुन्हा धरलाय." डॉक्टर पाच दिवसांची अँटिबायोटिक देतात. उतार पडत नाही म्हणून दुसरी देतात. कान दुखतो म्हणून कान तपासला जातो, पण कान स्वच्छ असतो. जबड्यासाठी दाताच्या डॉक्टरांकडेही एक फेरी होते. दरम्यान दुखणं उजवीकडून डावीकडे सरकतं आणि छातीत धडधड सुरू होते.

असे रुग्ण माझ्यासारख्या फिजिशियनकडे येतात तेव्हा त्यांच्या हातात औषधांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा असतो, आणि बहुतेक चिठ्ठ्यांवर 'घशाचा संसर्ग' असं लिहिलेलं असतं. खरा आजार घशात नसतो. तो थायरॉइड ग्रंथीत असतो. ही ग्रंथी कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला दोन्ही बाजूंनी बिलगून असते, आणि तिला सूज आलेली असते. या आजाराला सबअ‍ॅक्यूट थायरॉइडायटिस म्हणतात. स्विस सर्जन फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन यांनी 1904 मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून त्यांच्या नावानंही तो ओळखला जातो. अंगठ्याच्या मुळाशी मनगट दुखतं, त्या आजारालाही त्यांचंच नाव आहे. तेव्हा रिपोर्टवर हे नाव दिसलं, तर आधी आजार कुठला ते पाहा.

सर्दी-पडशाच्या एखाद्या विषाणूनंतर साधारण दोन ते आठ आठवड्यांनी हा आजार डोकं वर काढतो. तीस ते पन्नास या वयात तो जास्त दिसतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये कितीतरी अधिक. कोविडनंतरही असे रुग्ण पाहिले गेले आहेत.

आता दोन्ही दुखण्यांत फरक कसा ओळखायचा? घशाच्या संसर्गात दुखणं आत असतं. थुंकी गिळली तरी टोचतं. तोंड उघडून बॅटरी मारली की टॉन्सिल लाल, सुजलेले, कधी पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेले दिसतात. गाठी येतात त्या जबड्याच्या कोपऱ्याखाली, बाजूला. थायरॉइडच्या सुजेत मात्र तोंड उघडून पाहिलं तर घसा जवळजवळ स्वच्छ असतो, आणि बाहेरून गळ्याला हात लावला की माणूस दचकून मागे सरकतो. कंठमण्याच्या दोन बोटं खाली हलकेच बोट ठेवा आणि पाण्याचा घोट गिळा. दुखरा, कडक भाग गिळताना बोटाखाली वर सरकला, तर तो थायरॉइडचा असण्याची दाट शक्यता आहे. जोरानं मात्र दाबू नका, त्यानं दुखणं वाढतं. कळ कानाकडे आणि जबड्याकडे जाणं आणि दुखणं एका बाजूकडून दुसरीकडे सरकणं ही या आजाराची खास खूण आहे.

छातीतल्या धडधडीचं कारण समजून घ्या. थायरॉइड आपलं हार्मोन तयार करून साठवून ठेवते, दोन-तीन महिन्यांना पुरेल इतकं. सूज आली की साठवणीच्या पिशव्या फुटतात आणि सगळा साठा एकदम रक्तात उतरतो. मग नाडी शंभरच्या वर जाते, हात थरथरतात, घाम येतो, वजन उतरतं.

आपल्या बाईच्या रक्ततपासणीत ईएसआर, म्हणजे अंगात सूज किती आहे ते सांगणारा आकडा, 92 निघतो. तिच्या वयात तो साधारण विसाच्या आत असायला हवा. पांढऱ्या पेशी मात्र 9,800, म्हणजे नेहमीइतक्याच. थायरॉइडला कामाला लावणारं टीएसएच 0.02, म्हणजे जवळजवळ नाहीच, कारण रक्तात थायरॉइडचं हार्मोन, टी-फोर, वाढलेलं. सोनोग्राफीत ग्रंथीत काळसर डाग दिसतात आणि त्या जागी रक्तप्रवाह कमी असतो. निदान इथेच होतं.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती यापुढच्या एका पायरीची. टीएसएच कमी दिसलं की 'थायरॉइड वाढलंय' म्हणून कार्बिमाझोल सुरू केलं जातं. हे औषध नवीन हार्मोन बनणं थांबवतं. इथे ग्रंथी जास्त बनवतच नसते, जुना साठा गळत असतो, त्यामुळे औषधाचा काही उपयोग नाही. शिवाय त्यानं क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीवर घसरतात, आणि तेव्हा पहिली लक्षणं असतात ताप आणि घसा दुखणं. कोणीही हे औषध घेत असेल आणि ताप येऊन घसा धरला, तर ते थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशी मोजून घ्याव्यात. शंका असेल तेव्हा थायरॉइड स्कॅन करतात. ग्रंथी खरोखर जास्त काम करत असेल तर ती स्कॅनमध्ये ठळक उमटते, या सुजेत ती जवळपास दिसतच नाही.

उपचार साधा आहे. दुखणं बेताचं असेल तर आयबुप्रोफेनसारखी सूज उतरवणारी गोळी जेवणानंतर, डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात. अ‍ॅसिडिटी, किडनीचा त्रास किंवा दमा असेल तर ते आधी सांगा. एवढ्यानं भागलं नाही तर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. आपल्या बाईला ते सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ताप नसतो, आणि मान वळवताना कळ येत नाही. दोन-तीन दिवसांत असा फरक पडला नाही, तर निदान पुन्हा तपासायला हवं. पण बरं वाटलं म्हणून गोळ्या बंद केल्या की दुखणं उलटतं. डोस काही आठवडे हळूहळू उतरवावा लागतो, आणि मधुमेह असेल तर साखरेवर लक्ष ठेवावं लागतं. धडधडीसाठी थोडे दिवस प्रोप्रॅनोलोल देतात, दमा असेल तर मात्र ते चालत नाही.

या आजाराचा एक धोकादायक जुळा आहे, तो म्हणजे थायरॉइडमध्ये पू होणं. गळ्यावरची कातडी लाल आणि गरम, ताप खूप, पांढऱ्या पेशी भरपूर वाढलेल्या. लहान मुलाच्या गळ्याची डावी बाजू अशी सुजली, तर थांबू नका, लगेच मोठ्या दवाखान्यात न्या. तिथे अँटिबायोटिक आणि पू काढणं हेच उपचार आहेत, स्टेरॉइड देऊन चालणार नाही.

साठा संपल्यावर ग्रंथी काही काळ रिकामी राहते. म्हणून दुखणं गेल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी काहींना थकवा येतो, थंडी वाजते, बद्धकोष्ठ होतं, टीएसएच वर चढतं. बहुतेकांमध्ये ते आपोआप खाली येतं. साधारण वीस जणांत एक ते तीन जणांना थायरॉइडची गोळी कायम लागते. त्यासाठी पहिल्या काही महिन्यांत दर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासत राहावं, आणि मधल्याच एका रिपोर्टवर आयुष्यभराची गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगावं, "मला थायरॉइडची दुखरी सूज होऊन गेली आहे."

नमस्कार.