पंखा पळतोय, पण हवा कुठाय?

श्रोतेहो, नमस्कार.

लॅपटॉप नुकताच उघडलाय, कामाला अजून हातही लावलेला नाही, आणि पंखा घोंगावायला लागलाय. कीबोर्डच्या वरची पट्टी तर इतकी तापलीय की तिथे बोट ठेववत नाही. दुरुस्तीच्या टेबलावर असे लॅपटॉप माझ्यापुढे सारखे येतात, आणि येताना बहुधा निदान सोबत घेऊनच येतात. "पंखा गेलाय, बदलून द्या." आता, जो पंखा दिवसभर जीव तोडून पळतोय, तो गेलेला कसा असेल? गेलेला पंखा थांबतो, अडखळतो, नाहीतर घासल्यासारखा खरखरतो. एकसुरी वाऱ्यासारखा आवाज येत असेल, तर पंख्याला सोडा आणि त्याला पळायला कोण लावतंय ते शोधा.

त्यासाठी आतली उष्णता बाहेर कशी पडते, ते एकदा डोळ्यांपुढे आणू. प्रोसेसरची मूळ चकती बोटाच्या नखाएवढी असते. तिच्यावर राखाडी रंगाच्या थर्मल पेस्टचा पातळ थर असतो. त्यावर तांब्याची पट्टी, आणि पट्टीला जोडलेली तांब्याची चपटी नळी. या नळीत अगदी थोडा द्रव असतो. गरम टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला ती वाफ पुन्हा द्रव होते, आणि अशी उष्णता नळीच्या दुसऱ्या टोकाला पोचते. तिथे धातूच्या बारीक पात्यांची जाळी असते, फणीच्या दातांसारखी एकमेकींना चिकटून उभी. पंखा तळाच्या झरोक्यांतून हवा ओढतो आणि या पात्यांमधून बाहेर ढकलतो. एवढाच रस्ता. म्हणून लॅपटॉप तापला की प्रश्न दोनच उरतात: आत उष्णता जास्त तयार होतेय, की बाहेर पडायचा रस्ता अडलाय?

याचं उत्तर पेचकस हातात न घेता मिळतं. एक डोळा पडद्यावर ठेवा आणि एक तळहात, गरम हवा बाहेर पडते त्या फटीपाशी.

आधी पडद्याचं बघू. लॅपटॉप रीस्टार्ट करा. शटडाउन करून पुन्हा चालू करणं आणि रीस्टार्ट करणं एकच, असं अनेकांना वाटतं. पण विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर शटडाउननंतरही व्यवस्थेचा गाभा जसाच्या तसा साठवून ठेवलेला असतो आणि तोच पुन्हा उचलला जातो. रीस्टार्टमध्ये तो खरोखर नव्याने सुरू होतो. त्यानंतर काहीही न उघडता दहा-पंधरा मिनिटं थांबा. हे थांबणं महत्त्वाचं आहे, कारण सुरुवातीला अपडेट, व्हायरस तपासणी, फाइलींची सूची बनवणं अशी कामं मागे चालू असतात आणि त्या वेळचा आकडा फसवतो. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि सीपीयूच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, रकान्यावर क्लिक करा. सगळ्यात जास्त खाणारा वर येईल. रिकाम्या लॅपटॉपवर एकूण आकडा पाच-दहा टक्क्यांच्या आसपास रेंगाळायला हवा. तो तीस-चाळीसवर ठाण मांडून बसला असेल, तर चोर समोर नावानिशी उभा आहे. तो ब्राउझर निघाला, तर क्रोमसारख्या ब्राउझरला स्वतःचाही टास्क मॅनेजर असतो. शिफ्ट आणि एस्केप दाबलं की कोणता टॅब किंवा कोणतं एक्स्टेन्शन खातंय ते दिसतं.

आता तळहात. आकडा चढलेला असेल आणि फटीतून जोरदार, चांगली गरम हवा येत असेल, तर लॅपटॉपची तब्येत ठणठणीत आहे. तयार झालेली उष्णता तो इमानाने बाहेर टाकतोय. दोष त्या प्रोग्रॅमचा आहे, यंत्र उघडायची गरज नाही.

खरी गंमत असते ती आकडा खाली असताना पंखा ओरडतो तेव्हा. अशी एक केस सविस्तर सांगतो, माझ्या भाचीच्या लॅपटॉपची.

पाच वर्षं वापरलेला लॅपटॉप. तिने विंडोज नव्याने टाकून पाहिलं होतं, खाली पंख्यांचा स्टँडही लावला होता. फरक शून्य. रीस्टार्ट करून पंधरा मिनिटं थांबलो. सीपीयू चार टक्के. म्हणजे आत कुणी राबत नव्हतं. तापमान पाहायला तापमापक लावावा लागत नाही, तो प्रोसेसरमध्येच असतो. पण सीपीयूचं तापमान टास्क मॅनेजर दाखवत नाही, त्यासाठी HWiNFO सारखा प्रोग्रॅम लागतो. लिनक्स वापरत असाल तर lm-sensors हे पॅकेज टाकलं की sensors ही आज्ञा पुरते. भाचीच्या लॅपटॉपवर आकडा दिसला ७१ अंश सेल्सियस. काही काम नसताना साधारण ४० ते ५५ अपेक्षित असतात, म्हणजे हा आकडा चढाच. आणि फटीपाशी हात धरला, तर एवढा आवाज असूनही हाताला लागत होती जेमतेम एक झुळूक.

मग मागची बाजू दोन बोटं उंच करून ठेवली. ही तपासणी फुकटची, पण फार उपयोगाची. तळाचे झरोके गादीने किंवा मांडीने बुजत असतील, तर चार-पाच मिनिटांत तापमान उतरतं आणि पंखा नरमतो. इथे उतरले अवघे दोन अंश. म्हणजे अडथळा बाहेर नव्हता.

तरी लगेच उघडायला घेतलं नाही. अडथळा नेमका कुठे आहे हे तापमान किती वेगाने चढतं आणि उतरतं यावरून कळतं, आणि मला विचाराल तर सगळ्या तपासणीत हीच सगळ्यात बोलकी. लॅपटॉपला एक मोठं फोल्डर कॉम्प्रेस करायला लावलं, म्हणजे प्रोसेसर पूर्ण कामाला लागला. काटा ७१ वरून निघाला. पहिल्या मिनिटाला ८०, तिसऱ्या मिनिटाला ८७, सहाव्या मिनिटाला ९४. चढण संथ, पण न थांबणारी. काम बंद केलं, तरी पुन्हा सत्तरीत यायला पाच मिनिटं गेली. याचा अर्थ काय? पेस्ट, तांबं, पाती सगळ्यांनी उष्णता नीट घेतली होती. ती सगळी सामग्री भरत गेली, आणि रिकामी व्हायला जागा नव्हती. कोंडी शेवटच्या टप्प्यावर, पात्यांमध्ये.

पेस्ट वाळून तडकली असती, किंवा तांब्याच्या पट्टीचा एखादा स्क्रू ढिला असता, तर चित्र उलटं दिसलं असतं. उष्णता त्या नखाएवढ्या चकतीतच अडकली असती, आणि एवढ्याशा चकतीला तापायला कितीसा वेळ लागतो! काम सुरू होताच दोन-तीन सेकंदांत काटा ९५ ला, काम थांबताच तितक्याच झपाट्याने खाली. आणि फटीतून हवा भरपूर, पण कोमट. उष्णता पात्यांपर्यंत पोचतच नाही, मग हवा गरम कशी होणार?

इथे एक सावधगिरी. अगदी पातळ, नवे लॅपटॉप काम सुरू होताच थोडा वेळ मुद्दाम जास्त वीज घेऊन वेग वाढवतात, तेव्हा ते निरोगी असूनही नव्वदीला शिवतात. म्हणून पहिल्या अर्ध्या मिनिटावरून निकाल देऊ नका. बऱ्याच लॅपटॉप प्रोसेसरांची मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते. तिथे पोचल्यावर प्रोसेसर जळत नाही, स्वतःचा वेग कमी करतो. टास्क मॅनेजरमधल्या परफॉर्मन्सच्या पानावर हा वेग गिगाहर्ट्झमध्ये दिसतो. काम जोरात चालू असूनही तो छापील मूळ वेगाच्या खूप खाली घसरला असेल, तर लॅपटॉप नुसता तापत नाही, तापल्यामुळे मंदही झालाय.

भाचीचा लॅपटॉप शेवटी उघडला. बंद करून, चार्जर काढून, तळाचं झाकण उचलल्यावर सगळ्यात आधी बॅटरीची जोडणी सोडवली. पंखा वरून बऱ्यापैकी स्वच्छ होता, आणि बरेच जण इथेच फसतात. तो पंखा चार स्क्रू काढून बाजूला केला तेव्हा पात्यांच्या आतल्या बाजूला धुळीची एक सलग पट्टी निघाली, घोंगडीच्या तुकड्यासारखी, चिमटीत धरून अख्खी उचलता येईल अशी. पंखा एवढी वर्षं हवा या घोंगडीवर आपटत होता. बाहेरून फटीत हवा मारून ही पट्टी निघत नाही, ती नुसती मागे सरकते आणि पंखा सुरू झाला की परत जागेवर येऊन बसते. भाचीने दोनदा तेच केलं होतं. दोन दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तोच आवाज.

पट्टी उचलली, पाती मऊ ब्रशने साफ केली, उरलेली धूळ डब्यातल्या दाबाच्या हवेने उडवली. हवा मारताना पंख्याचं चाक बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर ते मर्यादेपेक्षा जोरात फिरून बेअरिंग खराब होतं. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण आत जातात. घरातला व्हॅक्यूम क्लीनरही लावू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साचते. पेस्टला हात लावला नाही, कारण काट्याने तिच्याबद्दल तक्रारच केली नव्हती. जोडून पुन्हा तीच परीक्षा घेतली: रिकामा असताना ४८, पूर्ण कामावर ८१, आणि काम थांबल्यावर मिनिटभरात साठीच्या खाली.

आकडा खाली, तापमानही खाली, आणि पंखा तरी पळतोय, असंही क्वचित होतं. तेव्हा आधी पॉवर मोड पाहा. तो सर्वाधिक कामगिरीवर ठेवलेला असेल, तर काही लॅपटॉप पंखा सावधगिरी म्हणून पळवतच ठेवतात. तसं नसेल तर बायॉस, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा मूळ प्रोग्रॅम, अपडेट करून पाहा, पंख्याचे नियम बहुधा तिथे ठरलेले असतात.

मात्र ऊब कीबोर्डच्या वर न लागता मनगटाखाली लागत असेल, टचपॅड वर उचलल्यासारखा दिसत असेल, किंवा तळ टेबलावर सपाट बसत नसेल, तर यातली कोणतीही तपासणी करू नका. बहुतेक लॅपटॉपमध्ये तिथे बॅटरी असते, आणि ती फुगलेली असू शकते. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, झाकण दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, आणि तो जाणकाराकडे पोचवा.

बाकी कोणत्याही कारणाने दुरुस्तीला देणार असाल, तर सोबत एक चिठ्ठी ठेवा: रिकामा असताना सीपीयू किती टक्के, तापमान किती, पूर्ण कामावर ते किती वेळात कुठवर चढलं, आणि फटीतली हवा गरम की कोमट. एवढं वाचून समोरच्याला आधी काय उघडायचं ते कळतं, आणि न बिघडलेला पंखा बदलला जात नाही.

नमस्कार.