खुब्यातला 'कट्ट'

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात भरतनाट्यम् शिकणारी 19 वर्षांची एक मुलगी आईबरोबर माझ्याकडे आली. मी फिजिओथेरपिस्ट. तिला टेबलावर उताणं झोपवलं, गुडघा बाहेर वळवून पाय वर उचलायला सांगितलं आणि मग तोच पाय सरळ करत सावकाश खाली आणायला सांगितला. अर्ध्या वाटेवर जांघेतून 'कट्ट' असा आवाज आला. दारापाशी बसलेल्या आईलाही तो ऐकू गेला. "बघा ना, हाड सरकतंय हिचं!"

हाड जागेवरच होतं. कमरेच्या मणक्यांपासून निघून जांघेतून मांडीच्या हाडाला जाऊन मिळणारा एक जाड स्नायू असतो. पाय वर उचलतो तो हाच. त्याची कंडरा, म्हणजे दोरीसारखं टोक, खुब्याच्या सांध्यावरून समोरून जाते. पाय वर आणि बाहेर असताना ही दोरी थोडी बाहेरच्या बाजूला असते. पाय सरळ होऊ लागला की ती आतल्या बाजूला यायला बघते, मध्ये अडते, ताणली जाते आणि एकदम सुटते. तंबोऱ्याची तार बोटाखालून सुटावी तशी. तिचाच तो आवाज.

खात्री करायला मी जांघेत बोटांनी ती कंडरा दाबून धरली आणि तिला तीच हालचाल पुन्हा करायला लावली. आवाज नाही. हात काढला, पुन्हा 'कट्ट'. आईचा चेहरा तेव्हा कुठे सैल झाला.

पाश्चात्त्य बॅले नर्तकांच्या एका पाहणीत दहांपैकी नऊ जणांनी असा आवाज येतो असं सांगितलं होतं. तो दुखत नसेल, तर उपचारांची गरज नाही. फक्त मैत्रिणींना ऐकवण्यासाठी मुद्दाम वाजवत बसू नये, एवढंच.

धावणाऱ्यांमध्ये बहुधा वेगळा प्रकार दिसतो. तिथे खुब्याच्या बाहेरच्या बाजूला, हाताला लागणाऱ्या हाडाच्या उंचवट्यावरून मांडीचा रुंद पट्टा पुढेमागे सरकतो. आवाज कमी, पण कातडीखाली काहीतरी उडी मारताना डोळ्यांना दिसतं. त्या कुशीवर झोपताना दुखत असेल, तर तिथे सूज असू शकते.

भरतनाट्यम् शिकणाऱ्या त्या मुलीला मात्र अलीकडे तालमीनंतर जांघेत दुखू लागलं होतं. अरंगेत्रम्, म्हणजे रंगमंचावरचं पहिलं सादरीकरण, जवळ आलं म्हणून रोजचे तास वाढले होते. अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वाकवून अर्धं बसताना ती पाऊल जास्त बाहेर फिरवत होती आणि गुडघा मात्र पुढेच राहत होता. पाय उंच उचलण्याचे प्रकार तीन आठवडे बंद ठेवले. पाऊल तेवढंच बाहेर, जेवढा गुडघा त्याच दिशेला जाईल. एक गुडघा जमिनीवर टेकवून जांघेचा पुढचा भाग 30 सेकंद ताणायचा, दोन्ही बाजूंना तीन-तीनदा. जोडीला नितंबाच्या स्नायूंचे व्यायाम. दोन महिन्यांनी दुखणं गेलं. आवाज अजून येतो. त्याचं आता तिला काही वाटत नाही.

आता काळजीचं. सांधा मध्येच अडकतो, किंवा पाय टाकताना दगा देतो, आणि कंडरा दाबून धरली तरी 'कट्ट' होतच राहतं, तर कारण सांध्याच्या आत असू शकतं. खोबणीच्या कडेला कूर्चेची एक रिंग असते, ती फाटलेली असू शकते किंवा आत एखादा सुटा तुकडा असू शकतो. अशा वेळी नुसते ताण देत बसण्यात अर्थ नाही, हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं.

त्याहून घातक गोष्टीत तर आवाज बहुतेक वेळा नसतोच. मॅरेथॉनची तयारी करणारी एक बाई आली होती. महिन्याभरात तिने आठवड्याचं अंतर 30 किलोमीटरवरून 60 वर नेलं होतं. "पूर्वीपासून तिथे कट्ट वाजतंच हो," म्हणून तिने जांघेतलं दुखणं अंगावर काढलं. आधी धावताना दुखायचं, मग चालताना, मग रात्री पडल्या पडल्याही. चार महिने पाळी आली नव्हती. हे तिने विचारल्यावर सांगितलं. खाणं कमी आणि धावणं जास्त झालं की पाळी थांबते आणि हाडंही कमकुवत होतात. साध्या एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही. एमआरआयमध्ये मांडीच्या हाडाच्या मानेला, म्हणजे खुब्याजवळच्या निमुळत्या भागाला, बारीक चीर दिसली. एक्स-रेत ती सुरुवातीला बरेचदा दिसतच नाही.

चीर मानेच्या खालच्या, आतल्या बाजूला असेल तर कुबड्या घेऊन भार न टाकता ती बहुधा भरून येते. वरच्या बाजूला असेल तर हाड सरकून पूर्ण मोडण्याची भीती असते, म्हणून सहसा स्क्रू घालावे लागतात. हिची चीर खालची होती. पण जांघेत दुखत असताना एका पायावर उडी मारून 'बघू तरी' असं घरी करू नका. तिने तेच केलं होतं, दोनदा.