तंतूंची दिशा

[दृश्य: लकडगंज, आरामशीनवर सागाचा ओंडका]

नागपूरच्या लकडगंजात चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतला साग चिरला जातो. याच सागाच्या एका रुंद फळीतून आपण दोन काठ्या काढल्या आहेत. दोन्ही २ सेंटीमीटर रुंद, २ सेंटीमीटर जाड आणि ३० सेंटीमीटर लांब आहेत. फरक इतकाच, की पहिलीत तंतू लांबीच्या दिशेने धावतात, तर दुसरी फळीच्या रुंदीतून कापल्यामुळे तिच्यात ते आडवे पडले आहेत.

[दृश्य: दाबयंत्र, पहिली काठी]

दोन टेकूंमधले अंतर २८ सेंटीमीटर असून भार बरोबर मध्यावर येतो. काठी वाकते तेव्हा तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. कोरड्या, निर्दोष सागाची अशी काठी सुमारे १८० किलो भार पेलते. आधी वरच्या बाजूचे तंतू चुरमडतात, मग करकर ऐकू येते, आणि शेवटी खालच्या बाजूला लांबलचक फाळके निघतात.

[दृश्य: दुसरी काठी]

हिला दहा किलोच्या आसपासचा भारही पुष्कळ होतो. ती कुरकुरत नाही, फारशी वाकतही नाही; सरळ दोन तुकडे होतात.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालचा छेद]

लाकूड म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या बारीक, लांबट नळ्यांची जुडी. या नळ्यांच्या भिंतींतल्या सर्वांत जाड थरात सेल्युलोजचे धागे जवळजवळ नळीच्या लांबीलाच धरून असतात. म्हणून लांबीच्या दिशेने ताण आला, की तो सेल्युलोजच्या साखळीतल्या भक्कम रासायनिक बंधांवर पडतो. आडव्या दिशेने मात्र धागे तोडावे लागतच नाहीत. नळ्यांना जोडणारा लिग्निनयुक्त थर किंवा नळीची पातळ भिंत उकलली, की काम झाले. सागात वर्षाच्या सुरुवातीच्या वाढीत मोठ्या छिद्रांची रांग असते आणि भेग बहुधा तीच वाट पकडते.

[दृश्य: सुताराचा हात, फळीवरची रेघ]

बाजारात पूर्ण आडव्या तंतूंची तुळई कुणी विकत नाही. विकली जाते ती तिरप्या तंतूंची, आणि चिरणाऱ्याने ओंडका नीट लावला असता तर यातली बरीचशी टळली असती. दहा सेंटीमीटर लांबीत तंतू एक सेंटीमीटर सरकत असतील, तर वाकण्याचे बळ सरळ तंतूंच्या सुमारे ८१ टक्के उरते. पाचात एक सरकत असतील, तर जेमतेम ५५ टक्के. वरवर दिसणाऱ्या वार्षिक वलयांच्या रेघांवर विसंबू नये, कारण खोडात तंतू पीळ घेऊन वाढलेले असू शकतात. सुकताना पडलेल्या बारीक भेगांची दिशा पाहावी, किंवा शाईचा थेंब टाकावा; तो तंतूंच्या बाजूने पसरतो.

असा तिरपा वासा छतात गेला, तर तो पूर्वसूचना न देता मोडू शकतो.