ड्रॉवरमधली पाचशेची चिठ्ठी

मंडळी, सरप्राइज कॅश काऊंट म्हटलं की सगळे नोटा मोजण्याकडे बघतात, पण मोजण्याआधीची पाच मिनिटं फार महत्त्वाची असतात. म्हापशाच्या एका पतसंस्थेत आम्ही मुद्दाम शुक्रवारी, बाजाराच्या दिवशी गेलो, दुपारी काऊंटर बंद होता होता. आधी शेवटच्या पावतीचा आणि शेवटच्या व्हाउचरचा नंबर लिहून घेतला, म्हणजे नंतर कोणी मागची एंट्री घुसवू शकत नाही. ड्रॉवर, तिजोरी आणि पेटी कॅश एकदमच ताब्यात घेतली, नाहीतर एकीकडचे पैसे दुसरीकडे जातात आणि आपण तेच दोनदा मोजतो.

नोटा कॅशियर ताईंनीच मोजल्या, मग त्यांच्यासमोर मी मोजल्या, सीलबंद बंडलंसुद्धा फोडून. त्या एक मिनिट जरी उठल्या असत्या तर मी हात बाजूला ठेवले असते, कारण नंतर "माझ्यामागे मोजलं" असं म्हणायला जागा राहते.

रोजकीर्दीप्रमाणे शिल्लक हवी होती 91,950, हातात निघाले 88,750. म्हणजे 3,200 कमी. परत मोजलं, तेवढेच. ड्रॉवरच्या कोपऱ्यात एक चिठ्ठी होती, शिपायाने 500 उचल घेतल्याची, मंजुरीची सही नाही. ती बाजूला ठेवली तर राहिले 2,700, आणि या आकड्याला 9 ने पूर्ण भाग जातो. असं झालं की मी आधी अंक उलटे पडलेत का ते बघते. पावत्यांची स्थळप्रत एकेक करून बघत गेलो तर 3,600 ची पावती कीर्दीत 6,300 लिहिलेली! पैसे गेलेच नव्हते. चुकीवर एक आडवी रेघ, बाजूला बरोबर आकडा, सही आणि तारीख, खाडाखोड अजिबात नाही.

पण 500 चं काय? ताईंनी लगेच पर्स उघडली, "मॅडम, मी घालते ना". मी नाही म्हटलं, आणि मला वाईटही वाटलं, कारण त्यांचा हेतू चांगला होता. पण चिठ्ठी म्हणजे कॅश नव्हे, आणि स्वतःचे पैसे घातले तर तक्त्यावर खोटा आकडा येतो, चिठ्ठीवर उचल द्यायची सवय झाकली जाते ते वेगळंच. म्हणून शॉर्टेज 500 अशीच नोंद केली, कॅश शॉर्टेज खाते नावे, रोख जमा. वसुली नंतर पावती फाडून.

ताईंचा खुलासा त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच अक्षरात घेतला, मी एक शब्द सुचवला नाही. चोरी, अफरातफर असले शब्द मोजणाऱ्याने वापरायचेच नाहीत, आपण फक्त काय सापडलं ते लिहायचं. नोटांच्या तक्त्यावर वेळ आणि दोघांच्या सह्या. शेवटी सगळी रोकड ताईंना परत देऊन "माझ्यासमक्ष मोजून पूर्ण परत मिळाली" अशी ओळ लिहून सही घेतली, आणि तक्त्याची प्रत त्याच संध्याकाळी सेक्रेटरींकडे दिली.