आधी सीड धरा, मग शब्द बदला

मी एआयकडून दोन व्हिडिओ क्लिप बनवून घेतल्या. दोन्हींचा प्रॉम्प्ट, म्हणजे मॉडेलला लिहून दिलेलं वर्णन, अक्षरन् अक्षर एकच होता: चुलीवर भाकरी भाजणारी बाई. एकीत कॅमेरा बाईच्या चेहऱ्यावर गेला, दुसरीत तव्यावर राहिला. असं का होतं ते आधी बघू. मी शब्दांवरून व्हिडिओ बनवणारं वान 2.1 हे मॉडेल वापरते, त्याच्याच आधारे सांगते.

जुन्या टीव्हीवर चॅनल गेलं की मुंग्या दिसायच्या, आठवतं? मॉडेलची सुरुवात तशाच मुंग्यांपासून होते. साधारण 50 टप्प्यांत ते त्या पुसत जातं आणि दर टप्प्याला प्रॉम्प्टकडे बघतं. कोण कुठे बसलंय, कॅमेरा कुठे आहे, काय हलतंय हे बरंचसं सुरुवातीच्या टप्प्यांतच ठरतं. बारकावे मागून येतात. तुम्ही जे सांगितलं नाही, ते त्या मुंग्या ठरवतात. आणि मुंग्या दर वेळी नव्या असतात.

या मुंग्यांना नंबर असतो, तो म्हणजे सीड. मॉडेल चालवायच्या कमांडमध्ये `--base_seed 5` असं दिलं की त्याच मशीनवर, त्याच सेटिंगला तीच क्लिप परत मिळते. फक्त चौकटीचा आकार किंवा फ्रेमची संख्या बदलू नका. 81 फ्रेमच्या जागी 49 केल्या, तर मुंग्यांचा साचाच बदलतो आणि जुन्या सीडचा उपयोग राहत नाही.

आता भाकरीकडे येऊ. मी एकच प्रॉम्प्ट 1 ते 6 या सीडवर चालवला आणि सहाही क्लिप शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. सहाही क्लिपमध्ये भाकरी पावासारखी जाड होती. दोष सगळीकडे आहे, म्हणजे तो शब्दांत आहे. शंभर सीड बदलले तरी जाणार नाही. मग ‘ज्वारीची, हाताने थापलेली, पातळ, चपटी’ असं लिहिलं, तेव्हा ती भाकरी दिसायला लागली. बाईच्या हाताला सहावं बोट मात्र फक्त तिसऱ्या सीडमध्ये होतं. तो सीड सोडून दिला, त्यासाठी प्रॉम्प्टला हात लावला नाही. कॅमेरा चार क्लिपमध्ये फिरत होता, दोनमध्ये स्थिर होता. याचा अर्थ मी ते सांगितलंच नव्हतं. ‘कॅमेरा स्थिर, तव्याच्या उंचीवर’ एवढं घातलं.

पाचवा सीड आवडला, तो धरून ठेवला आणि एका वेळी एकच वाक्य बदलत गेले. ‘भाकरी फुगते’ लिहिल्यावर अख्खी भाकरी फुग्यासारखी तव्यावरून उचलली गेली. ‘वरचा पापुद्रा हळूहळू वर येतो, कडा तव्याला टेकलेल्या राहतात’ असं लिहिलं तेव्हा जमलं. बाई, चूल, धूर जवळपास जागेवरच राहिले, कारण बदल लहान होता. प्रॉम्प्ट निम्मा बदललात, तर तोच सीड असूनही चित्र हातचं जातं.

भाकरी उलटताना हात आणि भाकरी एकमेकांत मिसळतात, ते मात्र कुठल्याच शब्दांनी सुटलं नाही. तिथे मी चांगली फ्रेम काढून ती चित्रावरून क्लिप करणाऱ्या मॉडेलला दिली आणि उलटण्याआधीच क्लिप कापली.